पानशेत पूर पुस्तिका : फोटो, आठवणी आणि आकड्यांच्या परवानग्यांच्या नोंदी

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. आमच्या पेठेतलं वाचनालय त्या दिवसावर एक पुस्तिका काढतंय. ९६ पानं, ७०० प्रती, किंमत १५० रुपये, प्रकाशन १२ जुलैला. त्यातले फोटो, आठवणी आणि पाण्याच्या पातळीचे आकडे इतरांचे आहेत. ते वापरायच्या परवानग्या मिळवायचं काम माझ्याकडे आलं आहे. स्मरणिका, कुलवृत्तांत किंवा शाळेचा शतकमहोत्सवी अंक करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवते आहे. माणसांची नावं मुद्दाम टाळली आहेत.

६ मार्च

काम हातात आलं तेव्हा समितीने जानेवारीत पाठवलेलं एक पत्र फाइलमध्ये होतं. सगळ्यांना एकच मजकूर: "आपल्याकडील पुराची छायाचित्रे व माहिती आमच्या पुस्तिकेत वापरण्यास परवानगी द्यावी, ही नम्र विनंती." त्याला जवळजवळ उत्तरंच आली नाहीत. आज ज्यांना पत्र गेलं होतं त्यातल्या काहींना फोन करून कारण विचारलं.

कुणाची हरकत नव्हती. पण उत्तर काय द्यायचं हेच कुणाला कळलं नव्हतं. एका काकांकडे पुराचे बरेच फोटो आहेत, त्यांना यातला कुठला हवाय ते समजेना. एका घरी वाटलं की फोटो कायमचा मागताहेत. एका बाईंनी पत्र मुलाला दाखवायला ठेवलं, मुलगा बंगळूरला, तो दिवाळीला येणार, आणि उत्तर कधीपर्यंत हवं हे पत्रात नव्हतं. "सवडीने देऊ म्हटलं," त्या म्हणाल्या.

म्हणजे पत्र विनम्र होतं, पण ते वाचून समोरच्याला हो किंवा नाही म्हणता येत नव्हतं. सगळी पत्रं नव्याने लिहायची असं ठरवलं.

९ मार्च

आधी तारखा. छापखान्याला अंतिम पीडीएफ १५ जूनला हवी, तरच बांधणी होऊन प्रती ८ जुलैला मिळतील. पानांची मांडणी करणाऱ्या मुलीला तीन आठवडे लागतात, म्हणजे २५ मेला सगळं साहित्य तिच्या हाती पाहिजे. कुणी नाही म्हटलं तर बदली फोटो शोधायला दोन आठवडे तरी हवेत. त्या हिशेबाने उत्तराची शेवटची तारीख १० मे ठरली. पत्रं मार्चअखेर गेली, तर लोकांना सहा आठवडे मिळतात. वयस्कर माणसं, परगावची मुलं, भावंडांशी बोलणं हे सगळं धरलं तर याहून कमी देऊ नये.

संपादकबाईंचं म्हणणं होतं की पत्रात "१० मेपर्यंत उत्तर न आल्यास संमती गृहीत धरू" असं लिहावं, काम सोपं होईल. आमच्या सभासद असलेल्या वकीलबाईंनी ते तिथल्या तिथे खोडलं. कायद्याला परवानगी लेखी लागते, गप्प बसणं ही परवानगी होत नाही. माझंही मत तेच आहे. ज्याने पत्र उघडलंच नाही त्याचा फोटो त्याच्या संमतीने छापला असं आपण कुठल्या तोंडाने म्हणणार? त्यामुळे वाक्य उलटं केलं: उत्तर आलं नाही तर आम्ही तो फोटो वापरणार नाही. याचा एक फायदा नंतर दिसला. ज्यांना आपला फोटो पुस्तिकेत यावा असं वाटत होतं, त्यांनी तारखेआधी स्वतःहून फोन केले.

१५ मार्च

यादी केली. प्रत्येक वस्तूपुढे चार रकाने: कुणाकडून मिळाली, कुणी तयार केली, हक्क आज कुणाचा, कुठल्या पानावर जाणार. दुसरा आणि तिसरा रकाना भरताना खरा वेळ गेला, कारण पहिल्या रकान्यातल्या माणसाचीच परवानगी पुरते असं सगळेच धरून चालले होते.

अल्बम ज्याच्या कपाटात आहे तो फोटोचा मालक असतोच असं नाही. भारतीय कायद्यात फोटो काढणारा हा त्याचा कर्ता. मात्र कुणी पैसे देऊन फोटो काढवून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क काढवून घेणाऱ्याचा. लग्नाचा किंवा कुटुंबाचा स्टुडिओत काढलेला फोटो बहुधा या दुसऱ्या प्रकारात येतो. पुराचे फोटो दोन्ही प्रकारचे असू शकतात.

दुसरा गैरसमज वर्षांचा. "६० वर्षं झाली की फोटो मोकळा" असं मला किमान तीन जाणत्या माणसांनी सांगितलं. पूर्वी नियम तसा होता, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीत फोटोंचा तो वेगळा नियम गेला आणि लेखनासारखाच काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हा नियम लागू झाला. १९६१ साली छापलेल्या फोटोचा हक्क २०१२ मध्ये जिवंत होता. त्यामुळे पुराचा एकही फोटो मी मोकळा धरला नाही.

२२ मार्च

फोटोसाठीचं पत्र पक्कं झालं. पूर्ण देते, कारण बाकीची याच्यावरूनच केली.

"विषय : १२ जुलै १९६१ च्या एका छायाचित्रासाठी परवानगी, उत्तर १० मेपर्यंत

स. न. वि. वि.

सोबत जोडलेलं छायाचित्र (आमचा क्रमांक १४, ओंकारेश्वराच्या बाजूच्या गल्लीतलं पाणी) आम्ही पूर-पुस्तिकेत वापरू इच्छितो. पुस्तिका मराठीत, छापील, ९६ पानांची असून ७०० प्रती निघतील. किंमत १५० रुपये आहे. विक्रीचे पैसे वाचनालयाच्या पुस्तक खरेदीसाठी जातील.

छायाचित्र आतल्या पानावर, अर्ध्या पानाच्या आकारात, काळं-पांढरं छापलं जाईल. ते कापणार नाही, रंगवणार नाही. मुखपृष्ठावर, जाहिरातीत किंवा इंटरनेटवर वापरणार नाही. परवानगी या आवृत्तीसाठी आणि तिच्या पुनर्मुद्रणासाठी, १५ वर्षांसाठी, भारतात आणि भारताबाहेर विक्रीसाठी मागत आहोत. हक्क आपलाच राहील आणि आपण तो इतर कुणालाही देऊ शकाल.

छायाचित्राखाली पुढील श्रेयओळ छापू : 'छायाचित्र : ________ , ________ यांच्या संग्रहातून'. नाव आपल्याला हवं तसं लिहून द्यावं.

आपल्याला मानधन अपेक्षित असल्यास कळवावं. प्रसिद्धीनंतर दोन प्रती आपल्याला पोचवू.

हे छायाचित्र आपण किंवा आपल्या कुटुंबीयांनी काढलेलं नसेल, तर कुणी काढलं हे माहीत असल्यास कृपया कळवावं.

१० मेपर्यंत खालील भाग भरून पाठवावा. त्या तारखेपर्यंत उत्तर न आल्यास छायाचित्र वापरणार नाही."

खाली कापून परत पाठवायचा भाग: "परवानगी आहे / नाही / पुढील अटींवर आहे", श्रेयओळीतलं नाव, सही, तारीख. सोबत आमचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. ईमेल असणाऱ्यांना तोच मजकूर ईमेलने.

मुदत आणि प्रदेश हे दोन्ही वकीलबाईंच्या सांगण्यावरून आले. परवानगीत मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. वाचनालयाच्या मागच्या स्मरणिकेचं दहा वर्षांनी पुनर्मुद्रण झालं होतं आणि तिच्या प्रती अमेरिकेतल्या जुन्या पुणेकरांनी मागवल्या होत्या. नुसतं "परवानगी आहे" अशी चिठ्ठी असती तर दोन्ही गोष्टी तिच्याबाहेर पडल्या असत्या.

फोटोची छोटी प्रत पत्रावरच छापली. जोडपत्र गळून पडतं, पत्रावरचा फोटो गळत नाही. छपाई, पाकिटं, तिकिटं आणि स्पीड पोस्ट मिळून पहिल्या फेरीला साधारण बाराशे रुपये गेले.

३० मार्च

क्रमांक १४. गल्लीत कमरेएवढं पाणी, डोक्यावर ट्रंक घेतलेला एक माणूस आणि वरच्या खिडकीतून बघणारी बाई. ज्या घरातून हा मिळाला ते म्हणाले, आमच्या आजोबांनी काढलेला. मी तसं लिहूनही ठेवलं होतं.

आज दुसऱ्या एका घरी वेगळ्याच कामासाठी गेले तर त्यांच्याही अल्बममध्ये हाच फोटो. आकार तोच, आणि उजव्या कोपऱ्यात केसासारखी एक बारीक पांढरी रेघ. ती रेघ पहिल्या घरच्या प्रतीवरही आहे. प्रत घासून अशी रेघ दोन ठिकाणी सारखी येत नाही, ती निगेटिव्हवरच असणार. फोटो काळजीने अल्बममधून सोडवला. मागे जांभळ्या शाईचा शिक्का, निम्मा पुसलेला, पण स्टुडिओचं नाव आणि पेठ वाचता येते, खाली पेन्सिलने एक आकडा. पहिल्या घरची प्रत पुठ्ठ्याला चिकटवलेली असल्यामुळे तिची मागची बाजू कुणी पाहिलीच नव्हती.

आता उलगडा झाला. पूर ओसरल्यावर स्टुडिओवाल्यांनी आपण काढलेल्या फोटोंच्या प्रती विकल्या आणि लोकांनी आठवण म्हणून घेतल्या. घरच्यांनी पैसे दिले ते प्रतीचे, फोटो काढवून घेण्याचे नव्हेत. म्हणजे हक्क छायाचित्रकाराचा. पहिल्या घरच्यांना हे सांगताना जरा अवघड वाटलं, पण आजोबांनी तो विकत आणून जपला म्हणूनच आज आपल्याकडे आहे, आणि "संग्रहातून" या शब्दांत त्यांचं नाव राहणारच आहे, हे ऐकून त्यांनी मान्य केलं.

यादीतले बाकीचे फोटोही आता परत उलटे करून पाहायचे. शिक्का, पेन्सिलचा आकडा, दुसऱ्या घरी तीच प्रत, ही तीन चिन्हं शोधते आहे.

७ एप्रिल

स्टुडिओ बंद होऊन जमाना झाला. त्या जागी मोबाइलचं दुकान आहे. शेजारच्या घड्याळ दुरुस्तीवाल्या काकांना मात्र छायाचित्रकार आठवत होते. ते १९७८ साली गेले. म्हणजे त्यांच्या फोटोंचा हक्क २०३८ च्या अखेरीपर्यंत आहे. काकांनी मुलाचा नंबर मिळवून दिला.

मुलगा फोनवरच हो म्हणाला, खूश झाला, वडिलांच्या इतर फोटोंबद्दल बोलत राहिला. बोलता बोलता नाशिकच्या बहिणीचा विषय निघाला. वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, म्हणजे वारसा दोघांकडे. पत्रात एकाच सहीची जागा होती. ते बदलून दोघांच्या नावे केलं आणि दोन स्वतंत्र पत्रं पाठवली. बहिणीला भावाकडून ऐकण्याऐवजी थेट आमच्याकडून पत्र जायला हवं, असं वकीलबाईंनी सुचवलं. ते बरोबर होतं. बहिणीने एक अट घातली: श्रेयओळीत स्टुडिओच्या नावाआधी वडिलांचं पूर्ण नाव हवं. शिक्क्यावर फक्त स्टुडिओचं नाव आहे, आम्ही तेवढंच छापलं असतं.

मानधन त्यांनी घेतलं नाही. प्रती मात्र दोनाऐवजी चार मागितल्या, दोन्ही घरांसाठी.

१८ एप्रिल

एका वर्तमानपत्राच्या संग्रह विभागाला दोन फोटोंसाठी लिहिलं होतं. त्यांचं उत्तर लगेच आलं: प्रती किती, आकार किती, विक्री आहे की मोफत वाटप? हे सगळं पत्रात असल्यामुळे मी फक्त परिच्छेद दाखवला. एका फोटोचे १,८०० रुपये आणि वर कर असा दर आला. दुसरा फोटो बाहेरच्या छायाचित्रकाराचा असल्याने पुस्तकासाठी परवानगी देणं आमच्या हातात नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. हे स्पष्ट कळवल्याबद्दल त्यांचे आभार मानले. एक फोटो विकत घेतला, दुसरा यादीतून काढला. पावतीवर कुठल्या वापरासाठी पैसे घेतले ते लिहून घेतलं, नाहीतर पाच वर्षांनी ती पावती कशाची होती हे कुणालाच सांगता येत नाही.

२१ एप्रिल

आता आठवणी. आम्ही ध्वनिमुद्रित केलेल्या आठवणींतला निवडक भाग छापणार आहोत. मुलाखतीच्या वेळी प्रत्येकाने "हो, वापरा" म्हटलं होतं. पण बोलणं तासाभराचं आणि छापणार दीड पान, तेव्हा त्या होकाराचा अर्थ काय? म्हणून इथे पत्रासोबत नेमका छापायचा मजकूर जोडला, आधी-नंतर कुठली वाक्यं गाळली ते टिंबांनी दाखवलं, आणि मजकुराच्या प्रत्येक पानाखाली सहीची जागा ठेवली.

नारायण पेठेतल्या एका आजींचा मजकूर सर्वांत चांगला आहे. त्यांच्या नातवाने व्हॉट्सअॅपवर "ओके, चालेल" असं पाठवलं. मेसेज लेखी असतो हे खरं, पण तो आजींचा नव्हता. मी मजकूर मोठ्या अक्षरात छापून घेऊन गेले आणि त्यांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून सगळा ऐकला आणि दोन ठिकाणी थांबवलं.

पहिलं म्हणजे, आमच्या मजकुरात पाणी "जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत" आलं होतं. आजी म्हणाल्या, "अगं, सातवी पायरी ओट्यापासून मोजायची. रस्त्यापासून नाही." तीन पायऱ्यांचा फरक. ते वाक्य सुधारलं.

दुसरं म्हणजे, दार न उघडणाऱ्या एका शेजाऱ्याचं नाव त्यांनी मुलाखतीत घेतलं होतं. "ते आता नाहीत, पण त्यांची सून इथेच आहे. मी सांगितलं ते खरं आहे, पण नाव नको." नाव काढलं. संपादकबाईंना वाईट वाटलं, कारण प्रसंग नावाशिवाय फिका होतो. पण आठवण आजींची, त्यातलं काय चारचौघांत जावं हे ठरवणंही त्यांचंच. शिवाय ज्या घराला उत्तर द्यायची संधी नाही, त्याच्यावर छापील आरोप ठेवण्यासारखं आमच्याकडे दुसरं काही प्रमाणही नव्हतं.

आजींनी प्रत्येक पानावर सही केली. श्रेयओळीत माहेरचं नाव हवं म्हणाल्या, कारण पुराच्या वेळी त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. हा रकाना रिकामा ठेवण्याचा उपयोग असा.

२६ एप्रिल

एका प्रसिद्ध आत्मचरित्रातला पुराचा जवळजवळ पानभर उतारा हवा होता. "इतके शब्द असतील तर परवानगी लागत नाही" असं ऐकलं होतं. कायद्यात शब्दांचा असा आकडा नाही. परीक्षणासाठी किंवा टीकेसाठी वाजवी उद्धरणाची सूट आहे. पण आम्ही त्या पुस्तकाचं परीक्षण करत नव्हतो, उतारा वाचनीय आहे म्हणून घेत होतो. प्रकाशकाला लिहिलं. हक्क लेखकाच्या कुटुंबाकडे असल्याचं त्यांनी कळवलं आणि पत्र पुढे पाठवलं. कुटुंबाचं उत्तर चार दिवसांत आलं. अट एकच: उतारा पहिल्या आवृत्तीवरून घ्या, नंतरच्या आवृत्तीत छपाईच्या चुका आहेत. ही माहिती आम्हाला दुसरीकडून मिळाली नसती.

२९ एप्रिल

आकड्यांचं काम. पुराच्या खुणा मोजून एका संशोधकांनी प्रबंधात तक्ता केला आहे: घर, गल्ली, पाण्याची उंची. समितीतल्या एकांचं म्हणणं, आकड्यांवर कुणाचा हक्क नसतो, सरळ घ्या. कुठल्या घरात किती फूट पाणी आलं या वस्तुस्थितीवर हक्क सांगता येत नाही हे खरं. पण आम्हाला एखादा आकडा नको होता, अख्खा तक्ता आणि त्यावरून केलेला नकाशा हवा होता. त्यातली निवड, मांडणी आणि नकाशाचं रेखाटन त्यांचं आहे. हक्काचा प्रश्न बाजूला ठेवला तरी विचारण्याचं आणखी एक कारण होतं: आकडे कसे मोजले हे त्यांनाच माहीत.

पत्रात हेतू नेमका लिहिला. "माहितीसाठी" असं न लिहिता, "वाचकाला आपल्या गल्लीत पाणी किती चढलं होतं हे कळावं, यासाठी प्रबंधातल्या तक्त्यातले नारायण, शनिवार आणि कसबा पेठांतले आकडे, नवीन गणित न करता" असं. कुठला तक्ता, कुठलं पान, त्यातल्या कुठल्या ओळी हेही दिलं.

संशोधकांचं उत्तर दोन पानी आलं. परवानगी आहे, पण उंची ओट्यापासून मोजलेली आहे हे तक्त्याखालीच छापा. तुमच्या मुलाखतींतले आकडे त्याच तक्त्यात मिसळू नका. घर क्रमांक काढून टाका, कारण मोजमाप करताना घरमालकांना तसं सांगितलं होतं. आणि छापण्याआधी ते पान दाखवा. पहिली अट वाचताच आजींची सातवी पायरी आठवली. त्यांच्या घराची तक्त्यातली उंची आणि सुधारलेलं वाक्य आता जुळतं. आधीच्या मजकुराने जुळलं नसतं आणि वाचकाने दोन्हींवर शंका घेतली असती.

पावसाचे आकडे वेगळ्या प्रकारे मिळाले. मध्य महाराष्ट्र उपविभागाचा १९०१ पासूनचा मासिक पाऊस data.gov.in वर आहे, सरकारच्या मुक्त डेटा परवान्याखाली. तिथे पत्र लागत नाही, पण श्रेय लागतं: कुठल्या खात्याचा डेटा, संचाचं नाव, कुठून घेतला आणि कुठल्या परवान्याखाली. हे चारही तक्त्याखाली लिहिले. सरकारी संकेतस्थळावरची प्रत्येक गोष्ट याच परवान्याखाली असते असं मात्र नाही, ते त्या त्या पानावर पाहावं लागतं.

४ मे

ज्यांची उत्तरं नाहीत त्यांना आठवण. एकच फोन आणि त्यानंतर एकच छोटा मेसेज: "फोटो क्रमांक अमुक, उत्तर १० मेपर्यंत, नको असल्यास तसंही कळवलं तरी चालेल." हे शेवटचं वाक्य घातल्यावर जास्त उत्तरं आली. नाही म्हणायचा संकोच असल्यामुळे काही जण गप्प होते.

असाच एक नकार आला. रस्त्याच्या कडेला भांड्यांच्या ढिगाशेजारी बसलेल्या एका बाईंचा फोटो. फोटो त्यांच्या दिरांनी काढलेला, म्हणजे परवानगी द्यायचा हक्क दिरांच्या मुलाचा, आणि त्याची हरकत नव्हती. पण फोटोतल्या बाईंच्या मुलीने सांगितलं, "आईचं ते रूप पुस्तकात नको." कागदोपत्री एक सही आमच्याकडे होती. तरी फोटो काढून टाकला. पुन्हा विचारा, चेहरा धूसर करू, असं समितीत एकजण म्हणाले. मी विचारलं नाही.

११ मे

मुदत संपली. एक चांगला फोटो कुणाचा हे शेवटपर्यंत कळलं नाही. मागे शिक्का नाही, देणाऱ्याला तो रद्दीत सापडलेला. कर्ता सापडत नसेल अशा कृतींसाठी कायद्यात वाट आहे: वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन मग रीतसर अर्ज. त्या जाहिरातीचाच खर्च आमच्या सगळ्या परवानग्यांच्या खर्चाहून जास्त झाला असता आणि वेळ तर नव्हताच. "अज्ञात छायाचित्रकार, हक्कदाराने संपर्क साधावा" असं लिहून छापायची पद्धत आहे, पण त्या ओळीने परवानगी मिळत नाही. फोटो गाळला आणि त्याच गल्लीचा आजचा फोटो आमच्या एका सभासदाने काढून दिला.

६ जून

मांडणी झालेली पानं तपासली. प्रत्येक फोटो त्याच्या परवानगीच्या पत्राशेजारी ठेवून पाहिला, नुसती श्रेयओळ वाचली नाही. दोन गोष्टी सापडल्या.

क्रमांक १४ पानात बसवताना वरून कापला गेला होता आणि खिडकीतली बाई गेली होती. पत्रात कापणार नाही असं लिहून दिलेलं. मांडणी करणाऱ्या मुलीला ती अट कुणी सांगितली नव्हती, तिला फक्त फोटोंची फाइल मिळाली होती. आता फाइलच्या नावातच अट घातली आहे: "१४-कापू नये". पान नव्याने लावायला एक दिवस गेला.

आणि संशोधकांच्या तक्त्याखालची ओट्याबद्दलची टीप पानाच्या तळाशी, बाकीच्या टिपांत गेली होती. ती उचलून तक्त्याला चिकटवून घेतली, पान त्यांना पाठवलं, त्यांचा होकार ९ जूनला आला.

१४ जुलै

प्रकाशन झालं. सगळी पत्रं, ईमेलच्या छापील प्रती, पावत्या आणि सह्या केलेली पानं क्रमांकाने एका फाइलमध्ये लावून वाचनालयाच्या कपाटात ठेवली. पहिल्या पानावर यादी, तिच्यात प्रत्येक परवानगीची मुदत कुठल्या वर्षी संपते ते लिहिलं. कबूल केलेल्या प्रती पोचवायला सुरुवात केली आहे, नाशिकच्या दोन प्रती काल गेल्या.

लोक ई-आवृत्ती मागताहेत. आमच्या पत्रांत इंटरनेटवर वापरणार नाही असं लिहिलेलं आहे, त्यामुळे या परवानग्या तिला चालत नाहीत. वर्तमानपत्राचा दरही डिजिटल वापरासाठी वेगळा आहे. नवीन पत्राचा मसुदा केला आहे, त्यात फाइल विकत दिली जाईल की मोफत, फोटो किती मोठा दिसेल आणि उतरवून घेता येईल का, हे तीन मुद्दे वाढवलेत. पत्रं पुढच्या आठवड्यात जातील, उत्तराची तारीख १५ सप्टेंबर.